सरकार घरात शिरत नाही, असं म्हणतात तेव्हा

"हा तुमचा घरगुती मामला आहे, आम्ही मध्ये पडणार नाही." मारहाणीची तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना जगभरच्या पोलीस ठाण्यांत हे वाक्य ऐकावं लागलं आहे. त्यामागे एक समजूत आहे. माणसाच्या आयुष्याचे दोन भाग आहेत. निवडणूक, बाजार, नोकरी, कोर्ट हा सार्वजनिक भाग, तिथे कायदा चालतो. लग्न, स्वयंपाकघर, शेजघर, मुलं हा खासगी भाग, आणि तिथे सरकारने पाय ठेवू नये.

स्त्रीवादी टीकेने याला दिलेलं पहिलं उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं. घरातही सत्ता चालते, म्हणून जे खासगी म्हटलं जातं तेही राजकीयच आहे, आणि सरकारने दार ठोठवावं. हे बरोबर आहे, पण अपुरं आहे. यातही सरकार आतापर्यंत बाहेर उभं होतं असं गृहीत धरलेलं असतं. दुसरं उत्तर जास्त खोल जातं: सरकार बाहेर कधी नव्हतंच. घर म्हणजे काय, त्यात कोणाचं काय, कोणाला काय मागता येईल, हे सगळं कायद्यानेच आधी ठरवलेलं असतं. आणि वाद उभा राहिला की तोच कायदा हात वर करतो. १९८५ साली फ्रान्सेस ओल्सेन या अमेरिकी कायदेतज्ज्ञ बाईंनी हा मुद्दा नेमकेपणाने मांडला. त्यांच्या मते 'सरकारने कुटुंबात हस्तक्षेप करावा की नाही' हा प्रश्नच निरर्थक आहे, कारण हस्तक्षेप न करणं नावाची तटस्थ जागा अस्तित्वातच नाही.

हे ऐकायला अमूर्त वाटतं. म्हणून एक खटला हातात घेऊ आणि त्यात सरकार कुठे कुठे बसलं आहे ते शोधू.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात १९५३ साली निकाल लागलेला मॅकग्वायर विरुद्ध मॅकग्वायर. नवरा-बायको दोघं शेतकरी, १९१९ साली लग्न झालेलं, म्हणजे संसाराला तेहतीस-चौतीस वर्षं झालेली. नवरा ऐंशीच्या घरातला, बायको ६६ वर्षांची. त्याच्या नावावर ३९८ एकर जमीन, किंमत सुमारे ८४ हजार डॉलर. बँकेतल्या ठेवी आणखी जवळपास १३ हजार, आणि सरकारी रोखे एक लाखाहून जास्त. वर्षाचं उत्पन्न आठ-नऊ हजार. तरी घरात न्हाणीघर नाही, आत शौचालय नाही, स्वयंपाकघरात साधं सिंक नाही. पाणी हातपंपाने उपसून आणायचं. गाडी १९२९ सालची, तिचा हीटर नीट चालत नव्हता. किराण्याचं बिल नवरा चेकने भागवायचा, पण बायकोच्या हातात कित्येक दिवसांत पैसा दिलेला नव्हता. ती कोंबड्या पाळायची, अंडी विकायची, त्यातून आपले कपडे आणि घरातल्या काही वस्तू आणायची. शेतातली आणि घरातली कामं तिने आयुष्यभर केली होती, हे कोणी नाकारलं नाही.

तिने घटस्फोट मागितला नाही. घर सोडलं नाही. तिने एवढंच मागितलं, की नवऱ्याने आपल्या ऐपतीला शोभेल असा खर्च करावा. खालच्या कोर्टाने ते मान्य केलं. घराची दुरुस्ती आणि आवश्यक सामान, चालणारा हीटर असलेली गाडी, वर्षातून एकदा मुलींना भेटायला जाण्याचा खर्च आणि दरमहा ५० डॉलर. नवरा वरच्या कोर्टात गेला. नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. कुटुंबाचं राहणीमान कसं असावं ही घराने ठरवायची गोष्ट आहे, कोर्टाची नाही, असं न्यायालयाने म्हटलं. संसार चालू आहे आणि दोघं नवरा-बायको म्हणून एका घरात राहत आहेत, तोवर नवरा बायकोला पोसतो आहे असंच कायदा मानेल. एका न्यायाधीशाने विरोधी मत नोंदवलं.

वरवर पाहिलं तर सरकार खरंच बाजूला राहिलं. पण हाच निकाल पायरी पायरीने उलगडून पाहा.

जमीन कोणाची? नवऱ्याची. कशामुळे? सरकारने चालवलेल्या नोंदणीमुळे. तीन दशकांहून अधिक काळ दोघांनी श्रम केले, पण मालकी ठरवताना मालमत्तेच्या कायद्याने एकाच प्रकारच्या श्रमाला मोल दिलं. बँकेतला पैसा कोणाचा? ज्याच्या नावे खातं आहे त्याचा. समजा तिने एके दिवशी नवऱ्याच्या चेकवर त्याची सही करून पंप आणि न्हाणीघराचं सामान मागवलं असतं, तर तो खोट्या सहीचा गुन्हा झाला असता. तेव्हा बँक, पोलीस आणि कोर्ट यांपैकी कोणीही 'हा घरगुती मामला आहे' असं म्हटलं नसतं. म्हणजे नवऱ्याचा पैशावरचा ताबा टिकवायला सरकार हजर होतं. त्या पैशातला वाटा तिने मागितला, तेव्हा मात्र ते घराबाहेर उभं राहिलं.

आता आणखी एक बारकावा पाहा. बायकोला पोसण्याची जबाबदारी नवऱ्यावर आहे, हे त्या काळच्या कायद्यात स्पष्ट होतं. मग ती अमलात कशी यायची? वाट अशी होती: बायकोने दुकानातून गरजेच्या वस्तू उधारीवर घ्यायच्या, आणि नवऱ्याने बिल चुकवलं नाही तर दुकानदाराने नवऱ्यावर दावा लावायचा. थोडक्यात, बायकोच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याचा रस्ता दुकानदाराला होता, तिला नव्हता. नवऱ्याला न दुखावता उधार देणारा दुकानदार सापडला तरच त्या हक्काला काही अर्थ. दुसरी वाट होती वेगळं राहायची. त्याच राज्यातले जुने निकाल असे होते, की बायको नवऱ्यापासून वेगळी राहत असेल तर घटस्फोट न घेताही ती पोटगी मागू शकते. मग ६६ वर्षांच्या, स्वतःचं फारसं उत्पन्न नसलेल्या बाईला कायदा काय सांगत होता? घरात राहायचं तर नवरा देईल तेवढ्यात राहा, हक्क हवा असेल तर घर सोड. ही निवड तिच्यापुढे नवऱ्याने ठेवलेली नव्हती. ती कायद्याने आखलेली होती.

माझ्या मते स्त्रीवादी टीकेचा सगळ्यात उपयोगी भाग इथे आहे. नवरा चिक्कू होता की नाही, हा स्वभावाचा प्रश्न आहे. चिक्कूपणाचं सत्तेत रूपांतर कशाने झालं, हा राज्यसंस्थेचा प्रश्न आहे. उत्तर आहे मालकीच्या नोंदी, न मोजलेले श्रम आणि घर सोडल्यावरच उघडणारं कोर्टाचं दार. 'खासगी' हा शब्द या तिन्ही गोष्टी नजरेआड करतो.

आता याच्या उलट दिसणारा, पण त्याच मुळातून आलेला प्रकार पाहू. तो आपल्या कायद्यातला आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम ९ सांगतं, की नवरा किंवा बायको पुरेशा कारणाशिवाय दुसऱ्याला सोडून वेगळी राहत असेल, तर कोर्ट 'एकत्र नांदा' असा हुकूमनामा देऊ शकतं. मूळ तरतूद इंग्लंडची, आणि इंग्लंडने स्वतः ती १९७० साली रद्द केली. मुंबईत रखमाबाईंवर १८८४ साली दादाजींनी लावलेला दावा याच तत्त्वावर होता. १८८७ साली न्यायाधीशांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम दिला, आणि रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. तुरुंगाची तरतूद नंतर गेली. पण हुकूम न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते, हे राहिलं. शिवाय हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र नांदणं झालं नाही, तर त्या आधारावर घटस्फोट मागता येतो.

१९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या न्या. पी. ए. चौधरी यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. कोणाशी आणि कधी शरीरसंबंध ठेवायचा, हा निर्णय या कलमामुळे बाईच्या हातून राज्यसंस्थेकडे जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. कलम कागदावर दोघांना सारखं लागू असलं, तरी गरोदरपणाचा भार एकटीवरच पडतो, हेही त्यांनी मोजलं. त्यानंतर लवकरच दिल्ली उच्च न्यायालयाने हरविंदर कौर खटल्यात नेमकी उलट भूमिका घेतली. घरात घटनात्मक कायदा आणणं म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडण्यासारखं आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरोजराणी खटल्यात कलम वैध ठरवलं.

दिल्लीच्या निकालाचा तर्क नीट तपासा. घर नाजूक आहे, म्हणून समानतेचा आणि स्वातंत्र्याचा हक्क तिथे आणू नका. पण खटला कशावर होता? बाईला घरात परत पाठवणाऱ्या कोर्टाच्या हुकमावर. तो हुकूम देणारा न्यायाधीश, त्यासाठीचा कायदा, जप्ती करणारा बेलीफ, सगळं सरकारचंच. त्या दुकानात सरकार आधीच उभं होतं. मज्जाव झाला तो फक्त सरकारला मर्यादा घालणाऱ्या घटनेला. नेब्रास्कात न्यायालय 'आम्ही आत येत नाही' म्हणालं, आणि दिल्लीत न्यायालयाने आत हुकूम पाठवला. तरी दोन्हीकडे घर खासगी असण्याचंच कारण पुढे आलं, आणि दोन्ही वेळा हरली ती बायको. म्हणून एखाद्या निकालात 'खासगी' हा शब्द दिसला की सरकार आत आहे की बाहेर, हे विचारण्यात फार हशील नसतो. कोणाची मागणी कोर्टाच्या दारात अडली आणि कोणाची आत गेली, हे विचारावं.

मग खासगीपणाची कल्पनाच टाकून द्यायची का? इथे स्त्रीवादी विचारवंतांमध्येच मोठा वाद आहे, आणि तो गर्भपाताच्या प्रश्नावर सर्वांत तीव्र झाला. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रो खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला, तो खासगीपणाच्या आधारावर: हा बाईचा आणि तिच्या डॉक्टरचा निर्णय आहे, सरकारने त्यात पडू नये. निकाल बायकांच्या बाजूचा होता. तरी कॅथरिन मॅकिनन यांनी या पायाबद्दल सावध केलं. खासगीपणा म्हणजे सरकारने दूर राहणं, असं मान्य केलं की सरकारकडून काही मागण्याचा आधार उरत नाही.

१९८० साली हॅरिस विरुद्ध मॅक्रे खटल्यात हेच घडलं. गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून बहुतेक गर्भपातांचा खर्च द्यायला संसदेने मनाई केली होती. ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने मनाई योग्य ठरवली. कारण असं दिलं, की बाईची गरिबी सरकारने निर्माण केलेली नाही, म्हणून तिच्या वाटेतली ती अडचण दूर करायला सरकार बांधील नाही. पण तीच योजना बाळंतपणाचा खर्च देत होती. एका पर्यायाचे पैसे भरायचे, दुसऱ्याचे भरायचे नाहीत, आणि मग निर्णय तुझा खासगी आहे म्हणायचं! ही तटस्थता नव्हे, हे चार न्यायाधीशांनाही दिसलं होतं. २०२२ साली रोचा निकालच रद्द झाला.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच गंभीर आहे. ज्या बायकांच्या घरात सरकार नेहमीच घुसत आलं, त्यांना खासगीपणा हे संरक्षण वाटतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही. सरकारी मदतीवर जगणाऱ्या आईच्या घरी तपासनीस येतो. घरात पुरुष राहतो का ते पाहतो, मुलं काढून नेण्याची धमकी देतो. अमेरिकेतल्या काळ्या स्त्रीवादी लेखिकांनी हे वारंवार दाखवलं. श्रीमंत गोऱ्या कुटुंबाला मिळालेला खासगीपणा त्यांना कधी मिळालाच नव्हता, तर तो मोडण्याची घोषणा त्यांनी का द्यावी? या आक्षेपामुळे मूळ सिद्धांत कमजोर होत नाही, उलट पक्का होतो. कोणाचं घर 'खासगी' धरायचं, हेही सरकारच ठरवतं, एवढंच यातून आणखी कळतं.

सरकारला आत बोलावलं की काय होतं, याचेही धडे आहेत. १९८०च्या दशकात मिनियापोलिस शहरात पोलिसांनी एक प्रयोग केला. घरगुती मारहाणीच्या तक्रारींत तीनपैकी एक प्रतिसाद यादृच्छिक पद्धतीने निवडायचा: अटक करणं, मारणाऱ्याला काही तास घराबाहेर पाठवणं किंवा समजूत घालणं. सहा महिन्यांत पोलीस नोंदींनुसार पुन्हा हिंसा झाली ती अटकेनंतर सुमारे १० टक्के प्रकरणांत, समजुतीनंतर १९ टक्के, बाहेर पाठवल्यावर २४ टक्के. १९८४ साली हे आकडे प्रसिद्ध झाले आणि अनेक राज्यांनी अटक सक्तीची केली. पुढे मिलवॉकीत तोच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा चित्र गुंतागुंतीचं निघालं. नोकरी असलेल्या पुरुषांत अटकेने हिंसा घटली, बेकार पुरुषांत ती वाढली. ज्याला गमावण्यासारखं काही आहे त्यालाच अटकेची जरब बसते, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. शिवाय सक्तीच्या अटकेत, बाईने स्वतःच्या बचावासाठी ओरबाडलं असेल तर पोलीस दोघांनाही घेऊन जायचे. कायदा आला, पण त्याला घरातली असमान ताकद दिसत नव्हती, त्याला फक्त दोघांच्या अंगावरचे ओरखडे दिसत होते.

त्याहून सूक्ष्म प्रकार किम्बर्ली क्रेनशॉ यांनी १९९१ साली नोंदवला. खोटी लग्नं रोखण्यासाठी अमेरिकेने १९८६ साली नियम केला. नागरिकाशी लग्न करून आलेल्या परदेशी जोडीदाराला आधी दोन वर्षांचं सशर्त वास्तव्य मिळेल, आणि पुढच्या कायम वास्तव्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करायचा. कागदावर हा सीमेचा नियम होता, संसाराशी काही संबंध नाही. प्रत्यक्षात मारणाऱ्या नवऱ्याच्या सहीवर बायकोचं देशात राहणं अवलंबून झालं. १९९० साली छळ सिद्ध केल्यास सूट मिळू लागली. पण पुरावा म्हणून पोलीस, डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा सामाजिक संस्था यांचे अहवाल लागत. जिला भाषा येत नाही, जिला नवरा घराबाहेर जाऊ देत नाही, ती हे कागद कुठून आणणार? सूट होती, पण ती मिळण्याची अटच घराबाहेर पडता येण्याची होती. मॅकग्वायरबाईंपुढची निवड पुन्हा समोर आली, या वेळी इमिग्रेशनच्या अर्जात.

मग उपाय कसा असावा? सुझन मोलर ओकिन यांचा १९८९ सालचा प्रस्ताव पोलिसांपासून नव्हे, पैशांपासून सुरू होतो. जोडप्यातला एक जण घर सांभाळत असेल तर कमावणाऱ्याचा पगार मालकानेच दोन समान चेक करून द्यावा, एक कमावणाऱ्याच्या नावे, एक घर सांभाळणाऱ्याच्या नावे. ओकिन याला दानधर्म मानत नाहीत. घरकामाशिवाय तो पगार कमावता आला नसता, म्हणून निम्मा हक्क, असा त्यांचा हिशोब आहे. यात कोणाला घर सोडावं लागत नाही आणि कोर्टात जावं लागत नाही. याची मर्यादाही उघड आहे. शेतकऱ्याला पगार देणारा मालक नसतो, त्यामुळे नेब्रास्कात हा उपाय जागेवरच थांबला असता. आणि जिथे पैसाच नाही तिथे अर्धा वाटा म्हणजे अर्धी चणचण.

शिवाय निम्मी मालकी पुरत नाही, कारभाराचा अधिकारही लागतो. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात लग्नानंतरची मालमत्ता दोघांची समाईक होती. पण कायद्याने नवऱ्याला कुटुंबाचा 'प्रमुख आणि स्वामी' ठरवून एकट्याला ती गहाण टाकायची मुभा दिली होती. १९७४ साली एका बाईने नवऱ्यावर मुलीच्या लैंगिक छळाची तक्रार केली. ही तक्रार पुढे मागे घेतली गेली. नवऱ्याने बचावासाठी वकील नेमला आणि त्याच्या ३ हजार डॉलर फीपोटी दोघांचं राहतं घर गहाण टाकलं. तिची सही लागली नाही आणि तिला सांगितलंही गेलं नाही. १९७६ साली वकिलाने पैसे भरा, नाहीतर घर जप्त होईल असं सांगितलं, तेव्हा तिला कळलं. १९८१ साली कर्शबर्ग विरुद्ध फीनस्ट्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. घराचा अर्धा भाग कागदावर सुरुवातीपासून तिचा होता. ज्या कलमामुळे तो तिच्या नकळत गहाण पडला, तेही सरकारनेच लिहिलेलं होतं.